पाळी जाण्याच्या वयात नवऱ्याने काय करायचं: रात्र, वही, दवाखाना आणि स्पर्श

बायकोचं वय त्रेचाळीस ते बावन्नच्या मधे कुठेतरी आहे. पाळी कधी तीन आठवड्यांत येते, कधी दोन महिने येतच नाही. रात्री ती पांघरूण भिरकावून उठून बसते आणि सकाळी क्षुल्लक गोष्टीवरून तिचा आवाज चढतो. हा लेख तिच्या नवऱ्यासाठी आहे. समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांबरोबर बसताना मला एक गोष्ट वारंवार दिसते. नवरे थेट "तुझ्या मनात काय चाललंय ते सांग" इथून सुरुवात करतात, आणि नेमकं तेच तिला सांगता येत नसतं. माझ्या मते सुरुवात तिच्या झोपेपासून करावी. मनातलं बोलणं त्यानंतर आपोआप सोपं होतं.

आधी शरीरात काय होतं ते थोडक्यात. सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात. भारतात हे साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास होतं, पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षं आधी. पण त्रास मुख्यतः त्याआधीच्या काही वर्षांतला असतो. आपल्याला वाटतं की इस्ट्रोजेन हळूहळू कमी होत जात असेल. प्रत्यक्षात ते या काळात भलतंच वर जातं आणि भलतंच खाली येतं. त्यातच काही महिन्यांत बीजच सुटत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन कमी पडतं आणि रक्तस्राव बेशिस्त होतो. मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग या चढउतारांनी इतका हळवा होतो, की खोली जराशी गरम झाली तरी शरीर उकाडा झाल्यासारखं वागतं. छाती-मान-चेहरा तापतो, घाम फुटतो, हृदय धडधडतं आणि दोन-चार मिनिटांनी अंगावर काटा येतो. बायका म्हणतात, "अंगातून वाफा येतात." हे वर्णन अचूक आहे.

सोबतीला नाशिकच्या एका जोडप्याचं उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ती सेहेचाळीस वर्षांची, शाळेत शिक्षिका. तो पन्नाशीचा, विमा कंपनीच्या ऑफिसात. मुलगा बारावीत, घरात शहात्तर वर्षांच्या सासूबाई. आले तेव्हा त्याची तक्रार एकच होती: "ही पूर्वीची राहिली नाही." तिची तक्रारही एकच होती: "यांना काही सांगण्यात अर्थ नाही."

पहिलं काम: रात्र

रात्री दोनदा-तीनदा घामाने जाग आली, की सकाळी ती सहा तास झोपलेली असली तरी प्रत्यक्षात तुटक तुकडे झोपलेली असते. अशा झोपेवर कुणाचाही संयम टिकत नाही. म्हणून पहिले दोन आठवडे नातेसंबंधांवर चर्चा नको. फक्त खोली बदला.

दोघांसाठी एकच मोठं पांघरूण असेल तर ते बाजूला ठेवा आणि दोन वेगळ्या चादरी घ्या. तिच्यासाठी पातळ सुती. घाम आला की ती आपली चादर काढेल, तुमची झोप मोडणार नाही आणि तुमची झोप मोडली याचं दडपण तिला येणार नाही. उशाशी पाण्याची बाटली आणि एक कोरडा सुती गाऊन ठेवा, म्हणजे अंधारात कपाट उघडावं लागत नाही. पंख्याचा किंवा एसीचा रिमोट तिच्या बाजूला असू द्या. तुम्हाला थंडी वाजत असेल तर तुम्ही जाड पांघरूण घ्या. तुम्हाला ऊब आणखी घेता येते, तिला अंगातली उष्णता काढून ठेवता येत नाही. एसी नसेल तर खिडकी आणि टेबल फॅन यांनीही बराच फरक पडतो.

ती उठून बसली की काय करायचं? जवळजवळ काहीच नाही. "काय झालं? परत झालं का? गोळी घेतली का?" असे प्रश्न रात्री अडीचला नकोत, कारण उत्तर देताना ती पूर्ण जागी होते आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. पंखा वाढवा, पाणी पुढे करा, गप्प राहा. त्या दोन-चार मिनिटांत पाठीवर हात फिरवायची घाई करू नका. तापलेल्या अंगावर दुसऱ्याचा हात म्हणजे आणखी उष्णता. काट्याची थंडी वाजली की ती स्वतः जवळ सरकेल.

नाशिकच्या घरात पाणी पहाटे साडेपाचला यायचं. भांडी-पिंपं भरणं, दूध तापवणं, तिघांचे डबे, हे सगळं तिच्यावर. नवऱ्याने आठवड्यातले चार दिवस पाणी आणि दूध स्वतःकडे घेतलं, तिला सव्वासहापर्यंत झोपू दिलं. एक पथ्यही पाळलं: ही कामं "तुला मदत म्हणून" करतोय असं बोलायचं नाही. सासूबाईंनी विचारलं, "आज तू कसा उठलास?" तो म्हणाला, "आता पाण्याचं काम माझ्याकडे आहे." एवढंच.

दुपारी चारनंतर चहा बंद करून पाहा, रात्रीचं जेवण कमी तिखट आणि थोडं लवकर ठेवा. हे सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. काहींना गरम चहाने लगेच वाफा येतात, काहींना काही फरक पडत नाही. तिचं काय आहे ते वहीतून कळेल.

दुसरं काम: वही

शंभर पानी साधी वही पुरे. मोबाइलमधलं अ‍ॅपही चालेल, पण वही फ्रिजवर किंवा देवघराशेजारी दिसत राहते. रोज चार गोष्टी एका ओळीत लिहायच्या: रात्री कितीदा जाग आली, अंगावरून जात असेल तर किती पॅड बदलले, दिवसभर वाफा किती वेळा आल्या, आणि मन कसं होतं. मनासाठी शून्य ते पाच आकडा पुरतो. निदान आठ आठवडे लिहायचं. लिहायचं तिने, पण थकली असेल तेव्हा ती सांगेल आणि तुम्ही लिहाल.

या वहीत एक धोका आहे. नवरा हिशेब तपासणाऱ्यासारखा "काल चार होतं, आज दोन का?" विचारायला लागला, की वही कपाटात जाते. वही तिच्या मालकीची. ती दाखवेल तेव्हाच बघायची.

नाशिकच्या वहीत दोन गोष्टी दिसल्या. पहिली: सहा मोठ्या भांडणांपैकी चार अशा दिवशी झाली होती, ज्याच्या आदल्या रात्री तिला दोन किंवा जास्त वेळा जाग आली होती. ती दोघांनी मिळून वाचली तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती: दोन पाळ्यांमधलं अंतर एकदा एकोणीस दिवस, मग बावन्न दिवस, आणि आलेली पाळी नऊ-नऊ दिवस, गाठींसकट. तिला वाटत होतं की या वयात असंच असतं. मैत्रिणीही तेच म्हणत होत्या.

तिसरं काम: दवाखान्यात दोघांनी जायचं

स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाताना वही बरोबर न्या. केबिनमध्ये नवऱ्याने आत यायचं की नाही हे तिला आधी विचारा. आत गेलात तर तिच्या वतीने बोलू नका. डॉक्टर "काय होतंय?" विचारतात आणि नवरा म्हणतो, "खूप चिडचिड करते," हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी जोडप्यांना आधीच सांगते: पहिलं वाक्य तिचं असेल.

पंचेचाळीसनंतर पाळी अनियमित आणि वाफा येत असतील तर निदानासाठी हार्मोनच्या महागड्या तपासण्या बहुधा लागत नाहीत. एका महिन्यातला आकडा पुढच्या महिन्यात बदलतो. पण हिमोग्लोबिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच जरूर करून घ्या. थायरॉइड बिघडल्यावरही थकवा, घाम, धडधड, चिडचिड होते, आणि ते सहज रजोनिवृत्तीच्या नावावर खपून जातं.

नाशिकच्या बाईंचा टीएसएच ठीक आला, पण हिमोग्लोबिन 8.9 निघालं. शाळेचे दोन जिने चढताना लागणारी धाप, दुपारी डोकं जड होणं, कुणी हाक मारली तरी वैताग येणं, यात रक्त कमी असण्याचा मोठा वाटा होता. वय जास्त आणि रक्तस्राव असा म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासला. तो चांगला आला. मग लोहाच्या गोळ्या आणि रक्तस्राव आटोक्यात आणणारं औषध सुरू झालं. इथे नवऱ्याला करण्यासारखं एक काम होतं. लोहाच्या गोळीआधी आणि नंतर दोन तास चहा नको, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. तिच्या घरात सकाळचा चहा गोळीबरोबरच व्हायचा. गोळी दुपारच्या मधल्या सुट्टीत, लिंबू पाण्याबरोबर घ्यायची असं ठरलं. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवतात, साठा भरायचा असतो म्हणून. "बरं वाटतंय ना, मग कशाला गोळ्या?" हे घरातून कुणीही म्हणायचं नाही.

हार्मोनच्या औषधांबद्दल घराघरांत भीती आहे. वाफा आणि घाम यावर तोच सर्वांत प्रभावी उपाय आहे, आणि साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केला तर बहुतेक निरोगी बायकांच्या बाबतीत फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. पण स्तनाचा कर्करोग, शिरेत रक्ताची गुठळी, यकृताचा गंभीर आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर तो देत नाहीत. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर दुसरं हार्मोनही लागतं. निर्णय तिचा आणि डॉक्टरांचा. हार्मोनशिवायची औषधंही आहेत.

एका बाबतीत मात्र नवऱ्याने ठाम उभं राहावं. पहिल्याच भेटीत कुणी "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" म्हणालं, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. कधी शस्त्रक्रिया खरोखरच लागते. पण पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते, आणि मग वाफा व मनाचे हेलकावे जास्त जोरात असतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या तरुण वयात काढल्याचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा अशा सल्ल्याची किंमत सगळ्यांना दिसली.

चौथं काम: बोलणं, आणि काय बोलायचं नाही

आता मनाकडे वळू. नाशिकच्या घरात एका संध्याकाळी ती पोळ्या लाटत होती. दोन पोळ्या बाकी असताना गॅस संपला. सिलेंडर नोंदवायचं नवऱ्याकडे होतं, आणि तीन दिवस तो "करतो, करतो" म्हणत होता. ती लाटणं आपटून ओरडली. तो सासूबाईंसमोर म्हणाला, "वय झालंय तिचं, सोडून द्या."

ती नंतर मला म्हणाली, "मी ओरडले ते मला कळलंच की. पण सिलेंडर त्यांनीच नोंदवलं नव्हतं ना?"

सगळा मुद्दा इथे आहे. हार्मोन तक्रार तयार करत नाहीत. एरवी गिळली जाणारी तक्रार गिळायची ताकद तेवढी कमी होते. बऱ्याचदा तक्रार खरीच असते, फक्त आवाज मोठा असतो. नवऱ्याने आवाजाचं खापर वयावर फोडलं की त्याबरोबर तक्रारही फेकली जाते, आणि तिला वाटतं, आता पुढची पाच वर्षं माझं कुठलंच म्हणणं कुणी धरणार नाही. जवळीक तुटते ती अशा वाक्यांनी. "परत सुरू झालं तुझं," "आमच्या आईला असलं काही झालं नाही," "सगळ्याच बायकांना होतं," ही सगळी त्याच घराण्यातली.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करायला शिका. तक्रारीचं उत्तर त्याच क्षणी: "सिलेंडरचं माझं चुकलं, आत्ता नोंदवतो." आवाजाबद्दल बोलायचं असेल तर ते नंतर, दोघं शांत असताना, आणि फक्त दोघांत: "मघाशी मुलासमोर तू ओरडलीस ते मला लागलं." हे बोलण्याचा हक्क तुम्हालाही आहे. अपमान, शिवीगाळ, वस्तू फेकणं हे हार्मोनच्या नावाखाली मुकाट सोसायचं नसतं. सहन होईना तर "मी दहा मिनिटं गच्चीवर जातो, मग येतो" म्हणून बाजूला व्हा. पण दहा म्हणालात तर दहाव्या मिनिटाला परत या. बाहेर जाऊन तासभर फोनवर बसलात तर तो रुसवाच समजला जातो.

भर वाफेत कुठलाही विषय पुढे न्यायचा नाही, असा करार आधीच करून ठेवा. या जोडप्याने एक शब्द ठरवला: ती फक्त "वाफ" म्हणायची. तो पंखा लावायचा, बोलणं तिथेच थांबायचं, पाच-दहा मिनिटांनी परत सुरू व्हायचं. पाहुण्यांसमोरही हा शब्द चालायचा, कुणाला काही समजावत बसावं लागायचं नाही.

आणि रोज एक वेळ ठरवा, पंधरा मिनिटांची. जेवणानंतर, टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. पहिला प्रश्न असा: "आज नुसतं ऐकू, की काय करायचं ते मिळून ठरवू?" ती बहुतेकदा म्हणेल, "नुसतं ऐका." मग खरंच नुसतं ऐका. नवऱ्यांना हे सर्वांत जड जातं, कारण हात लगेच उपाय शोधायला लागतात. ती म्हणाली, "अहो, वर्गात मुलांची नावंच आठवत नाहीत हल्ली," तर योग, बदाम, ब्राह्मी यातलं काही सांगू नका. "कुठल्या वर्गात झालं?" एवढं विचारा. तिला पुढचं सांगायला वाट मिळते. या काळात नावं-शब्द आठवायला वेळ लागणं अनेकींना होतं, आणि आपल्याला विसरभोळेपणाचा आजार लागलाय की काय अशी भीती ती मनात घेऊन फिरत असते.

सासूबाईंचं काय? त्यांना सांगायचं नवऱ्याने, सुनेने नाही. आणि कमी शब्दांत: "आई, तिच्या अंगात रक्त कमी झालंय, रात्री झोप होत नाही, डॉक्टरांचं चाललंय." त्या पिढीतल्या बायका हे गप्प राहून भोगून गेल्या. "तुमच्या वेळी कसं झालं?" असं त्यांना विचारलं तर कधीकधी तासभर बोलतात, आणि सुनेकडे बघण्याची नजर बदलते. मुलाला बारावीचं जीवशास्त्र असतं, त्याला सरळ सांगितलं तरी चालतं.

पाचवं काम: स्पर्श

इस्ट्रोजेन कमी झाल्यावर योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं. संबंधाच्या वेळी दुखतं, नंतर आग होते, लघवीला जळजळ होते. वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात, पण हा कोरडेपणा उपचाराशिवाय सहसा जात नाही. अनेक बायका हे कुणालाच सांगत नाहीत. दुखतं म्हणून त्या टाळतात, मग पाठीवरचा हात, कमरेवरचा हात, सगळाच स्पर्श टाळायला लागतात, कारण तो पुढे कुठे जाईल याची धास्ती असते. नवऱ्याला वाटतं, हिला आपण नकोसे झालो.

यावर उपाय म्हणजे तोंडाने सांगून ठेवलेला करार: काही आठवडे स्पर्श फक्त स्पर्श असेल, पुढे जाणार नाही. मग तो पाळायचा. डोक्याला तेल लावणं, पाय दाबून देणं, सोफ्यावर खांद्याला खांदा लावून बसणं. एकदा जरी तुम्ही "आता एवढं झालंय तर" म्हणालात, तर पुन्हा शून्यापासून सुरुवात.

दरम्यान दुखण्यावर इलाज सुरू करा. पाण्यावर आधारलेलं ल्युब्रिकंट संबंधाच्या वेळी वापरायचं, योनीसाठीचं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा. खोबरेल तेल अनेकजण वापरतात, पण कंडोम वापरत असाल तर नको, तेलाने तो फाटतो. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम देतात, साधारण पहिले दोन आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा. फरक पडायला काही आठवडे लागतात. मेडिकलमध्ये ते आणायला तुम्ही जा. काउंटरवर चारचौघांत मागण्याचा संकोच तिच्या वाट्याला कशाला?

हे घरच्या घरी सांभाळायचं नसतं

दोन आठवडे सलग उदासी, कशातच रस नाही, जेवण-झोप कोलमडलेली, "माझं ओझंच झालंय" असं बोलणं, हे दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. बाळंतपणानंतर नैराश्य आलेलं असेल किंवा आयुष्यभर पाळीआधी मन फार खालावत असेल, तर या काळात धोका जास्त असतो, तेव्हा डोळे आधीपासून उघडे ठेवा. जीव देण्याचं बोलणं निघालं तर तिला एकटं सोडू नका. टेलि-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर कधीही फोन करता येतो. दर तासाला पॅड भिजत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नाशिकच्या बाईंचं हिमोग्लोबिन चार महिन्यांत अकराच्या वर गेलं. भांडणं थांबली नाहीत, कमी झाली, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लांबायची बंद झाली. मग सलग दहा महिने पाळी आली नाही. दोघांनी सुटकेचा श्वास सोडला आणि अकराव्या महिन्यात ती पुन्हा आली. असं होतं. मग मोजणी पहिल्यापासून सुरू करायची, आणि गर्भनिरोधनही चालू ठेवायचं: पन्नाशीच्या आत पाळी गेली असेल तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली असेल तर एक वर्ष. बारा महिने पूर्ण झाल्यावर मात्र अंगावरून एक थेंब जरी गेला, तरी "पाळीच परत आली असेल" म्हणून थांबायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवून घ्यायचं. त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर तिने हे लाल पेनने लिहून ठेवलंय, आणि खाली डॉक्टरांचा नंबर त्याने लिहिलाय.